फिफोने विकलेल्या मालाचा खर्च: लॉट जिथे संपतो तिथे काय करायचं

प्रश्न: वेंगुर्ल्यात काजूगर विकतो. एकच ग्रेड, पण दर वेळी वेगळ्या भावाने घेतलेली. सीए म्हणाले फिफोने खर्च धरा. एकाच विक्रीत जुना लॉट संपून नवा सुरू झाला तर त्या विक्रीचा खर्च किती? आणि एक्सेलमध्ये हे आपोआप कसं निघेल?

उत्तर:

फिफो म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असं धरायचं. एका लॉटमधला माल एका विक्रीत गेला तर त्यात अवघड काहीच नाही, गुणाकार केला की झालं. गुंता होतो तो दोन लॉटच्या सांध्यावर, आणि बहुतेक जण तिथे दोनांपैकी एक चूक करतात. काही जण संपूर्ण विक्रीला जुना दर लावतात. काही जण दोन दरांची सरासरी काढतात. वर्षभर हे चाललं की शेवटी शिलकीचा आकडा जुळत नाही आणि मग तो "जुळवून घेतला" जातो. म्हणून आधी हाताने एक हिशोब पूर्ण करू, सूत्र त्यातूनच निघेल.

सुरुवातीला दर कसा ठरतो ते बघा, कारण इथे चूक झाली तर पुढचं सगळं चुकीचं. फिफोमध्ये लॉटचा दर म्हणजे बिलावरचा भाव नव्हे. माल तुमच्या दुकानात येऊन पडेपर्यंतचा खर्च त्यात धरायचा: बिलाची रक्कम, टेम्पोचं भाडं, हमाली, तोलाई. व्यापाऱ्याने सूट दिली असेल तर ती वजा करायची. जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळत असेल तर कर खर्चात धरायचा नाही. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट मिळत नाही, मग तो कर मालाच्या खर्चाचाच भाग होतो. हे तुमच्या नोंदणीवर अवलंबून आहे, त्यामुळे शेजारच्या दुकानदाराची पद्धत उचलू नका. दुकानाचं भाडं, काउंटरवरच्या माणसाचा पगार, विक्रीची पाकिटं हे लॉटच्या दरात येत नाही.

आता उदाहरण. ग्रेड डब्ल्यू ३२०, आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. ५ एप्रिलला १०० किलो आले. बिलाचा भाव ७१२ रुपये, भाडं आणि हमाली मिळून ८०० रुपये, म्हणजे किलोमागे ८ रुपये. लॉटचा दर झाला ७२०. पुढचे दोन लॉटही असेच भाड्या-हमालीसकट काढले, तर चित्र असं:

| आवक | किलो | एकूण खर्च | दर |
|---|---|---|---|
| ५ एप्रिल | १०० | ७२,००० | ७२० |
| २२ एप्रिल | १५० | १,११,००० | ७४० |
| १० मे | ८० | ६१,२०० | ७६५ |

एकूण आवक ३३० किलो आणि २,४४,२०० रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी ताळा याच्याशीच लावायचा आहे.

पहिली जावक १२ एप्रिलला, ६० किलो. सगळा माल पहिल्या लॉटमधून, ६० गुणिले ७२० म्हणजे ४३,२०० रुपये. पहिल्या लॉटमध्ये ४० किलो उरले.

दुसरी जावक २८ एप्रिलला, ७० किलो. हाच तुमचा प्रश्न. पहिल्या लॉटचे उरलेले ४० किलो ७२० ने, म्हणजे २८,८००. बाकीचे ३० किलो दुसऱ्या लॉटमधून ७४० ने, म्हणजे २२,२००. या विक्रीचा खर्च ५१,००० रुपये. दोन दरांची सरासरी ७३० धरली असती तर ५१,१०० आले असते, कारण दोन्ही लॉटमधून सारखा माल गेलेला नाही. शंभर रुपयांचा फरक किरकोळ वाटतो, पण तो शिलकीतून कुठेतरी गायब होतो आणि नंतर सापडत नाही.

तिसरी जावक ६ मे, ५० किलो, सगळे दुसऱ्या लॉटमधून: ३७,०००. दुसऱ्या लॉटमध्ये आता ७० किलो.

चौथी १५ मे, ९० किलो. मे महिन्यात चाकरमानी आणि पर्यटक दोन्ही असतात, एवढी विक्री सहज होते. दुसऱ्या लॉटचे ७० किलो ७४० ने ५१,८००, आणि तिसऱ्याचे २० किलो ७६५ ने १५,३००. मिळून ६७,१००.

चार जावकींचा खर्च १,९८,३००. शिल्लक ६० किलो, तिसऱ्या लॉटच्या दराने ४५,९००. दोन्हींची बेरीज २,४४,२००, म्हणजे आवकीचा पूर्ण खर्च. हा ताळा लागलाच पाहिजे, एका रुपयाचाही फरक न पडता. फरक आला तर कुठल्यातरी सांध्यावर किलो दोनदा धरले गेले आहेत किंवा सुटले आहेत.

आता एक्सेल. लोक इथे "सध्या चालू लॉट कुठला, त्यात उरलं किती" हे शोधणारी लांबलचक IF ची साखळी लिहितात. ती तिसऱ्या लॉटपर्यंत टिकते, दहाव्याला मोडते. त्यापेक्षा वेगळा विचार करा. सुरुवातीपासून आजपर्यंत एकूण किती किलो बाहेर गेले, आणि तेवढ्या पहिल्या किलोंचा एकूण खर्च किती, एवढंच काढा. या विक्रीनंतरचा तो आकडा वजा या विक्रीआधीचा आकडा, हाच या विक्रीचा खर्च. वरच्याच उदाहरणात पहिल्या ६० किलोंचा खर्च ४३,२०० आणि पहिल्या १३० किलोंचा ९४,२००. वजाबाकी ५१,०००. लॉट कुठे तुटला हे वेगळं शोधावं लागत नाही.

एकाच शीटवर डावीकडे आवक ठेवा. A मध्ये तारीख, B मध्ये किलो, C मध्ये एकूण खर्च, D मध्ये दर, E मध्ये या लॉटच्या आधी आलेले एकूण किलो, F मध्ये मागच्या लॉटपेक्षा दर किती वाढला किंवा घटला तो फरक. उजवीकडे जावक: H तारीख, I किलो, J आतापर्यंतची एकूण जावक, K तेवढ्या मालाचा खर्च, L या विक्रीचा खर्च, M तपासणी. पहिल्या ओळीत मथळे, आकडे दुसऱ्या ओळीपासून.

आवकीकडची सूत्रं:

```
D2: =C2/B2
E2: 0
F2: =D2
E3: =E2+B2
F3: =D3-D2
```

D2, E3 आणि F3 खाली ओढा. जावकीकडे:

```
J2: =SUM($I$2:I2)
K2: =SUMPRODUCT((J2>$E$2:$E$4)*(J2-$E$2:$E$4)*$F$2:$F$4)
L2: =K2-N(K1)
M2: =SUMIFS($B$2:$B$4,$A$2:$A$4,"<="&H2)-J2
```

K मधलं सूत्र काय करतं ते समजून घ्या, नाहीतर बिघडल्यावर दुरुस्त करता येणार नाही. ते आधी सगळ्या किलोंना पहिल्या लॉटचा दर लावतं. मग १०० किलोंच्या पुढे गेलेल्या मालावर २० रुपये जास्तीचे लावतं, आणि २५० च्या पुढे गेलेल्यावर आणखी २५. २७० किलोंसाठी पाहा: २७० गुणिले ७२० म्हणजे १,९४,४००, अधिक १७० गुणिले २० म्हणजे ३,४००, अधिक २० गुणिले २५ म्हणजे ५००. बेरीज १,९८,३००, हाताने काढलेलीच. पुढच्या लॉटचा दर कमी असेल तर F मध्ये उणे आकडा येतो आणि हिशोब तरीही बरोबर राहतो. N(K1) एवढ्यासाठी की K1 मध्ये मथळ्याची अक्षरं आहेत. N लावलं की ती शून्य धरली जातात.

दर D मध्ये ROUND करू नका. ७२,००० चे ९८ किलो असतील तर दर ७३४.६९ आणि पुढे बरेच आकडे येतो. पडद्यावर दोन आकडे दिसले तरी चालतील, पण आत पूर्ण आकडा राहू द्या, नाहीतर लॉट संपताना काही पैसे उरतात आणि ताळा हलतो.

M हा स्तंभ अनेक जण अनावश्यक समजून काढून टाकतात. माझ्या मते पूर्ण शीटमध्ये सगळ्यात कामाचा तोच. त्या तारखेपर्यंत आलेल्या मालातून एकूण जावक वजा केली की हातात किती उरलं ते त्यात दिसतं. उदाहरणात तो अनुक्रमे ४०, १२०, ७० आणि ६० दाखवेल. तो कधीही उणे जाता कामा नये.

का ते बघा. समजा १० मेचं बिल अजून चढवलेलं नाही आणि १५ मेची ९० किलोंची विक्री नोंदवली. वहीप्रमाणे माल ७० च किलो आहे. K चं सूत्र तक्रार करत नाही. वरच्या २० किलोंना ते गुपचूप शेवटच्या माहीत असलेल्या लॉटचा, म्हणजे ७४० चा दर लावतं आणि खर्च ६६,६०० दाखवतं. खरा खर्च ६७,१००, म्हणजे नफा ५०० रुपयांनी फुगला. L कडे पाहून हे कळायला मार्ग नाही. M मध्ये मात्र उणे २० दिसतं. उशिरा का होईना, बिल चढवलं की आकडा आपोआप दुरुस्त होतो. पण तोवर तुम्ही मे महिन्याचा नफा कुणाला सांगितला असेल तर तो बदललेला असतो.

यातच तारखेची गोम आहे. A मध्ये माल दुकानात आला ती तारीख लिहा, बिल तुम्ही नोंदवलं ती नव्हे. बिल १८ मेला हातात आलं म्हणून १८ लिहिलं, तर १५ च्या विक्रीला M उणेच राहील आणि तुम्ही उगाच चूक शोधत बसाल. आवकीच्या ओळी तारखेच्या क्रमानेच हव्यात, कारण K चं सूत्र तारीख बघत नाही, ओळींचा क्रम बघतं. राहून गेलेलं बिल सापडलं तर ते खाली चिकटवू नका, योग्य जागी मध्ये ओळ घाला. मध्ये ओळ घातली की सूत्रातली $E$2:$E$4 सारखी पट्टी स्वतःहून वाढते. शेवटच्या ओळीच्या खाली नवा लॉट लिहिलात तर ती वाढेलच असं नाही, ती तपासावी लागते. नव्या ओळीत आणि तिच्या खालच्या ओळीत E आणि F ची सूत्रं पुन्हा ओढायलाही विसरू नका. पट्टीत न आलेला लॉट हे ताळा न लागण्याचं सगळ्यात सामान्य कारण.

उशिरा आलेलं भाडं हा वेगळा त्रास. समजा २२ एप्रिलच्या लॉटचं आणखी १,५०० रुपये भाडं टेम्पोवाल्याने ११ मेला मागितलं. १५० किलोंवर ते किलोमागे १० रुपये होतं. C3 मध्ये नुसते १,५०० मिळवले तर २८ एप्रिल आणि ६ मेच्या विक्रीचे खर्च मागे जाऊन बदलतात. एप्रिल अजून बंद केला नसेल तर हरकत नाही, बदलू द्या. पण एप्रिलचा हिशोब देऊन झाला असेल तर मागचं हलवू नका. ११ मेपर्यंत त्या लॉटमधले ८० किलो विकले गेलेत, ७० उरलेत. विकलेल्या ८० किलोंचे ८०० रुपये थेट मे महिन्याच्या विक्री खर्चात टाका. उरलेल्या ७० किलोंचे ७०० रुपये शिलकीत मिळवा. शीटवर हे करायला तो लॉट दोन ओळींत तोडा: ८० किलो ५९,२०० रुपयांना, जुन्याच ७४० दराने, आणि त्याखाली ७० किलो ५२,५०० रुपयांना, म्हणजे ७५० ने. तारीख दोन्हीला २२ एप्रिलच. जुन्या विक्रीचे आकडे जागेवर राहतात आणि १५ मेची विक्री ६७,८०० होते. सगळ्या जावकी, वेगळे टाकलेले ८०० आणि शिल्लक ४५,९०० यांची बेरीज २,४५,७०० येते, म्हणजे मूळ आवक अधिक १,५००. ताळा लागला.

गिऱ्हाइकाने माल परत केला तर जावकीत उणे किलो लिहा. मूळ उदाहरणात १५ मेच्या विक्रीतले १० किलो परत आले असं धरा. I मध्ये -10 लिहिलं की एकूण जावक २६० होते आणि L मध्ये उणे ७,६५० येतं. म्हणजे माल ७६५ ने बाहेर गेला, ७६५ नेच आत आला. मात्र हे तेव्हाच बरोबर, जेव्हा परत येणारा माल शेवटच्या विक्रीतलाच असतो. मधे पाच विक्री होऊन दुसरा लॉट सुरू झाला असेल तर सूत्र नव्या लॉटच्या दराने माल परत घेतं. दहा-पंधरा किलोंसाठी मी त्याच्या मागे लागणार नाही. परत आलेला माल मोठा असेल आणि दरात तफावत असेल, तर मूळ विक्रीच्या दराने तो आवकीत वेगळा लॉट म्हणून घ्या आणि तेवढीच रक्कम विक्री खर्चातून कमी करा.

तुमच्या भागात पावसाळ्याचा विचार करावाच लागतो. काजूगर दमट हवेत नरम पडतो, आणि जागा गळकी असेल तर पेट्याच्या पेट्या जातात. हे नुकसान दोन प्रकारचं असतं आणि हिशोबही दोन वेगळे. निवडताना, पॅकिंग करताना थोडा तुकडा-चुरा होतो, हे नेहमीचं आहे. अशा वेळी १०० किलोंचा लॉट ९८ किलो विकण्याजोगा निघाला तर B मध्ये ९८ लिहा आणि खर्च ७२,००० च ठेवा. दर आपोआप थोडा चढतो. पत्र्यातून पाणी येऊन ५ किलो वाया गेले तर ते नेहमीचं नव्हे. ती ५ किलोंची जावक नोंदवायची. १५ मेनंतरच्या शिलकीतून गेली तर खर्च ३,८२५ येईल, आणि तो विक्री खर्चात नाही, नुकसानीच्या खात्यात जाईल. विक्री खर्चात मिसळलात तर तुमचा नफ्याचा टक्का विनाकारण घसरलेला दिसेल आणि तुम्ही भाव वाढवायला निघाल.

एक शीट एका ग्रेडची. डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२०, पाकळी आणि तुकडा यांचे लॉट एकत्र केलेत तर फिफो म्हणजे नुसता देखावा राहतो, कारण जावक एका मालाची आणि दर दुसऱ्याचा. परिमाणही एकच ठेवा. काही कारखाने १० किलोंचे डबे देतात, निर्यातीच्या मापाचा डबा ११.३४ किलोंचा असतो. "१० डबे" अशी नोंद दोन्हीकडे केलीत तर एका लॉटमध्ये १३ किलोंहून जास्त फरक पडतो. सगळं किलोत.

पाव किलोच्या प्रत्येक पाकिटासाठी ओळ लिहायची गरज नाही. दिवसाची एकूण विक्री एका ओळीत लिहा. फिफोमध्ये दहा विक्रींचा वेगवेगळा खर्च काढून बेरीज करा किंवा एकदम काढा, उत्तर तेच येतं. मात्र कोठारातून काउंटरवर नेलेला माल जावकीत लिहू नका. तो अजून विकलेला नाही, फक्त जागा बदलली आहे.

सीएंनी फिफो सांगितलं तर तेच दर वर्षी चालू ठेवा. आपल्याकडच्या लेखा मानक २ मध्ये अशा सरमिसळ होणाऱ्या मालासाठी फिफो किंवा भारित सरासरी दोन्ही चालतात, शेवटचा आलेला माल आधी गेला असं धरणं चालत नाही. याच उदाहरणात सगळ्या आवकीची भारित सरासरी ७४० येते, विक्री खर्च १,९९,८०० आणि शिल्लक ४४,४००. भाव चढत असताना फिफो दीड हजाराने जास्त नफा दाखवतो, भाव उतरताना उलटं होतं. म्हणून भाव बघून दर वर्षी पद्धत बदलता येत नाही.

वर्षअखेरीस ३१ मार्चला फिफोची शिल्लक आणि तो माल विकून हातात येणारी रक्कम यातला कमी आकडा घ्यायचा. ६० किलोंची फिफो किंमत ४५,९०० असेल आणि विक्रीचा खर्च वजा जाता किलोमागे ७५० च मिळणार असतील, तर शिल्लक ४५,००० धरायची आणि ९०० रुपये त्या वर्षाचं नुकसान. मग १ एप्रिलच्या नव्या शीटमध्ये शिल्लक एकाच ओळीत ओतू नका. ३१ मार्चला तीन लॉटचे तुकडे उरले असतील तर तीन ओळी, प्रत्येकी आपापल्या तारखेसह, उरलेल्या किलोंसह आणि खर्चासह, नव्या हंगामाच्या पहिल्या लॉटच्या वर.